शंभर टक्के मुलांना, मग भाडे कोण भरणार?



मराठवाड्यातल्या एका संस्थेच्या बालवाड्यांना येत्या एप्रिलपासून तीन वर्षे मदत करायची, असे आमच्या कोबेतल्या मंडळींनी ठरवले आहे. निर्णय उत्तम आहे. पण संस्थेला पाठवायच्या पत्राच्या मसुद्यात एक वाक्य आहे: "आमची संपूर्ण रक्कम मुलांवरच खर्च व्हावी, त्यातला एकही रुपया कार्यालयीन खर्चाकडे वळवू नये." या वाक्यावर कोणी हरकत घेतली नाही. उलट 'हेच महत्त्वाचे' म्हणून ते ठळक अक्षरात टाइप केले गेले. माझे म्हणणे असे की हे वाक्य खोडावे. ते अव्यवहारी आहे म्हणून नव्हे, तर अन्यायकारक आहे म्हणून. कार्यालयाचा खर्च आपण नाकारला म्हणून तो नाहीसा होत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, आणि ते खांदे बहुधा आपल्यापेक्षा दुबळे असतात.

आधी आपल्याच घरापासून सुरुवात करू. कोबेत ज्यांनी 'मान्शन'मध्ये फ्लॅट घेतला आहे ते दरमहा 'कान्रिही' भरतात. जिना, दिवे, कचऱ्याची खोली, देखभालीचा माणूस यांचा हा सामायिक खर्च सहसा फ्लॅटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटला जातो. "माझे पैसे फक्त माझ्या चार भिंतींवर खर्च करा, जिन्यावर नको," असे पत्र आपण कधी व्यवस्थापनाला लिहिले आहे काय? जे इथल्या विद्यापीठांत किंवा पोर्ट आयलंडवरच्या प्रयोगशाळांत संशोधन करतात, त्यांना 'काकेन्ही'चे अनुदान ठाऊक आहे. त्यात थेट खर्चाच्या ३० टक्के इतकी जादा रक्कम 'अप्रत्यक्ष खर्च' म्हणून संस्थेला मिळते. त्यातून प्रयोगशाळेची वीज, लेखा विभाग, ग्रंथालय चालते. त्याला कोणी लूट म्हणत नाही. कारखान्यात काम करणारे तर रोजच यंत्राच्या तासामागे ओव्हरहेड किती ते मोजतात. मग रक्कम दान म्हणून खेड्यात निघाली की नेमके हेच ज्ञान आपण विमानतळावर का ठेवून येतो?

याचे एक कारण कोबेच्या इतिहासातच सापडते. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात ६,४३४ माणसे गेली. त्यानंतर देशभरातून पैशांचा ओघ लागला, आणि या शहराने मदतीच्या दोन प्रकारांतला फरक जवळून पाहिला. जपानीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. 'गिएन्किन' म्हणजे आपद्ग्रस्तांच्या हातात थेट जाणारी रक्कम. ती रेड क्रॉससारख्या संस्थांमार्फत गोळा होते आणि तिच्यातून वाटपाचा खर्च कापला जात नाही. 'शिएन्किन' म्हणजे मदतकार्य करणाऱ्या गटांना त्यांच्या कामासाठी दिलेली रक्कम. गाडीचे पेट्रोल, फोन, खोलीचे भाडे हे सारे तिच्यातून भागते.

आपल्या मसुद्यातले वाक्य म्हणजे गिएन्किनची कल्पना बालवाडीला लावणे होय. आणि गिएन्किनमध्येसुद्धा खर्च शून्य नसतो. कोणाचे घर पूर्ण पडले, कोणाचे अर्धे, याचे दाखले देणारे, याद्या करणारे, रक्कम खात्यात पोचवणारे महापालिकेचे कर्मचारी असतात. त्यांचा पगार करांतून येतो. ओव्हरहेड होताच, तो करदात्याने भरला. मराठवाड्यातल्या संस्थेमागे अशी महापालिका उभी नाही. तिथे 'शून्य' म्हटले की ते शून्य कोणीतरी आपल्या पगारातून भरून काढते.

आणखी एक गोष्ट. त्या भूकंपात दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक आले, गट उभे राहिले, पण त्यांतल्या बहुतेकांना कायदेशीर अस्तित्व नव्हते. खोली भाड्याने घ्यायची, फोन घ्यायचा, तर तो कोणा एकाच्या वैयक्तिक नावावर. ही अडचण दूर करणारा एनपीओ कायदा मार्च १९९८ मध्ये संमत झाला आणि डिसेंबर १९९८ पासून लागू झाला. म्हणजे ज्या कायद्याच्या आधारे आज आपण इथून पैसे पाठवतो, त्याच्या मुळाशीच एक साधी जाणीव आहे: चांगल्या कामाला खोली लागते, फोन लागतो, आणि ते कोणाच्या तरी नावावर, कोणाच्या तरी खर्चाने असावे लागतात.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. संस्थेचे नाव घेत नाही आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण रचना अशा कितीतरी संस्थांची असते तशीच आहे. संस्थेचे तीन प्रकल्प आहेत. पहिला पाणलोटाचा. थेट खर्च वर्षाला ६० लाख रुपये, त्यातले ४५ लाख एकाच ठेकेदाराला सिमेंट आणि यंत्रभाड्यापोटी. पैसे एका कंपनीच्या सीएसआरमधून. दुसरा आपला, बारा गावांतल्या बालवाड्या, ३०० मुले, थेट खर्च २४ लाख. तिसरा एकल महिलांसाठीचे सल्ला केंद्र, थेट खर्च १२ लाख, पैसे तालुक्यातल्या लहान लहान देणग्यांतून.

या तिघांच्या डोक्यावर एकच छप्पर आहे. त्याचा सामायिक खर्च १५ लाख: कार्यालयाचे भाडे आणि वीज ३ लाख, हिशेब पाहणाऱ्या ताईंचा पगार आणि ऑडिट मिळून ४ लाख २० हजार, मुख्य समन्वयकाचा पगार ४ लाख ८० हजार, आणि जीपचा खर्च ३ लाख. प्रश्न एवढाच की हे १५ लाख तीन प्रकल्पांत कसे वाटायचे?

पहिले उत्तर घरगुती: तीन प्रकल्प, तीन सारखे वाटे, प्रत्येकी ५ लाख. दिसायला समतावादी आहे. पण १२ लाखांच्या सल्ला केंद्रावर ५ लाखांचा बोजा आणि ६० लाखांच्या पाणलोटावरही तेवढाच, ही समता नव्हे. लहान प्रकल्प बंद पाडण्याचा तो सभ्य मार्ग आहे.

दुसरे उत्तर बहुतेक संस्था देतात, कारण ते एका ओळीत बसते: थेट खर्चाच्या प्रमाणात वाटा. एकूण थेट खर्च ९६ लाख. मग पाणलोटाला ९ लाख ३७ हजार, बालवाड्यांना ३ लाख ७५ हजार, केंद्राला १ लाख ८८ हजार. हे आपल्याला सोयीचे आहे, आणि म्हणूनच त्याकडे जरा संशयाने पाहावे. पाणलोटाचे ४५ लाख एका ठेकेदाराला चार-पाच हप्त्यांत जातात. हिशेबाच्या दृष्टीने ती मूठभर व्हाउचरे आहेत. बालवाड्यांचा खाऊ, बाराही गावांच्या खोल्यांची भाडी, शिक्षिकांची मानधने यांची व्हाउचरे महिन्याला शंभर होतात. सिमेंटच्या किमतीमुळे ताईंचे काम वाढत नाही, खाऊच्या पावत्यांमुळे वाढते. रकमेच्या प्रमाणात वाटले, तर आपल्या बालवाडीचा हिशेब सिमेंटच्या पैशातून होतो.

हा दोष नवा नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारी अनुदानांत ओव्हरहेडची टक्केवारी लावण्याआधी मोठी यंत्रसामग्री आणि दुसऱ्या संस्थेला दिलेल्या मोठ्या उप-अनुदानाचा बराचसा भाग पायाभूत रकमेतून वगळतात, तो याच कारणाने. आपणही ते ४५ लाख वगळून पाहिले, तर पाया उरतो १५, २४ आणि १२ लाखांचा, आणि वाटे होतात अनुक्रमे ४ लाख ४१ हजार, ७ लाख ६ हजार आणि ३ लाख ५३ हजार. चित्र केवढे पालटले पाहा! एकच खर्च, एकच संस्था. मोजपट्टी बदलली आणि बालवाड्यांचा वाटा जवळजवळ दुप्पट झाला. म्हणून मोजपट्टी कोण निवडतो आणि केव्हा निवडतो, हा निव्वळ तांत्रिक प्रश्न नाही.

तिसरे उत्तर आपल्याला मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण सोसायटीने कधीच शिकवले आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधींत एकच एक सूत्र नाही. सेवाशुल्क प्रत्येक सदनिकेला सारखे, पाणीपट्टी नळांच्या संख्येनुसार आणि आकारानुसार, पार्किंगचे पैसे ज्याच्याकडे जागा त्याला, आणि लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना सारखा, मग कोणी लिफ्टने जावो की जिन्याने. प्रत्येक खर्चाला त्याची त्याची मोजपट्टी. जपानी एनपीओंच्या हिशेबातही 'अंबुन', म्हणजे सामायिक खर्चाची विभागणी, अशीच अपेक्षित आहे: कामाला दिलेला वेळ, वापर, जागेचे क्षेत्रफळ, माणसांची संख्या, यांपैकी त्या खर्चाला जे लागू पडेल ते. जे इथे स्वतंत्र व्यवसाय करतात आणि घराच्याच एका खोलीतून काम पाहतात, ते करविवरणात भाड्याचा आणि विजेचा धंद्यापुरता भाग याच रीतीने काढतात.

तर आपल्या संस्थेला ही रीत लावू. भाडे-वीज जागेनुसार: सल्ला केंद्राच्या मुलाखती कार्यालयातच होतात, म्हणून प्रकल्पांच्या वापरातल्या ८०० चौरस फुटांपैकी ४०० केंद्राचे, २०० पाणलोटाचे, २०० बालवाड्यांचे. म्हणजे दीड लाख, ७५ हजार, ७५ हजार. हिशेबाचा खर्च व्हाउचरांनुसार: वर्षाची २,१०० व्हाउचरे, त्यात पाणलोटाची ३००, बालवाड्यांची १,२००, केंद्राची ६००. वाटे ६० हजार, २ लाख ४० हजार, १ लाख २० हजार. जीप लॉगबुकातल्या किलोमीटरनुसार: वर्षात २०,००० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला १५ रुपये. पाणलोट ११,०००, बालवाड्या ७,०००, केंद्र २,०००. वाटे १ लाख ६५ हजार, १ लाख ५ हजार, ३० हजार. समन्वयकाचा पगार त्याच्या वेळपत्रकानुसार: पाणलोट २५ टक्के, बालवाड्या ३५, केंद्र २५.

उरलेले १५ टक्के? तो वेळ विश्वस्तांच्या बैठका, धर्मादाय आयुक्तांकडची कागदपत्रे आणि संस्था संस्था म्हणून चालवण्यात जातो. या ७२ हजारांना कोणताच प्रकल्प आपला म्हणत नाही. तो भाग शेवटी, आधीच्या वाट्यांच्याच प्रमाणात वाटायचा. अशी बेरीज होते:

पाणलोट: ४ लाख ४१ हजार
बालवाड्या: ६ लाख १८ हजार
सल्ला केंद्र: ४ लाख ४१ हजार
एकूण: १५ लाख

या बेरजेतून दोन अप्रिय गोष्टी बाहेर येतात. पहिली आपल्यासाठी. बालवाड्यांचा खरा खर्च २४ लाख नसून ३० लाख १८ हजार आहे. मुलामागे ८,००० रुपये नव्हेत, १०,०६०. '८,००० रुपयांत एक मूल शिकते' असे आपण देणगीच्या आवाहनात छापणार असू, तर ती जाहिरात खोटी आहे. दुसरी अप्रिय गोष्ट गरिबांच्या कैवाऱ्यांसाठी, म्हणजे पुन्हा आपल्यासाठीच. प्रामाणिक वाटपात लहान प्रकल्पाचा बोजा कमी होतोच असे नाही. १२ लाखांच्या केंद्राच्या वाट्याला ४ लाख ४१ हजार येतात, कारण ते खरोखरच तेवढी जागा, तेवढा वेळ वापरते. त्याला झुकते माप देण्यासाठी मोजपट्टी वाकवू नये.

कारण इथे दोन प्रश्न आहेत आणि आपण ते सतत एकात मिसळतो. खर्च किती, हा एक प्रश्न. तो कोणी भरावा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर लॉगबुक आणि व्हाउचरे देतात, दुसऱ्याचे आपली मूल्ये. एकल महिलांच्या केंद्राला आधार द्यायचा तर जरूर द्यावा, पण उघडपणे: केंद्राचा वाटा ४ लाख ४१ हजार, त्यातले २ लाख त्याच्या देणगीदारांकडून, २ लाख ४१ हजार संस्थेच्या मुक्त निधीतून, असे ताळेबंदाला दिसू द्यावे. मोजपट्टीत लपवलेली मदत पुढच्या वर्षी कोणाच्या लक्षातही राहत नाही, आणि मग ती कापली गेली तरी कळत नाही.

आता आपले ठळक अक्षरातले वाक्य या हिशेबात बसवून पाहा. बालवाड्यांचे ६ लाख १८ हजार आपण नाकारले. सीएसआरवाली कंपनी म्हणते, "नियमानुसार ५ टक्केच," म्हणजे ३ लाख, तिथे १ लाख ४१ हजार कमी. केंद्राचे २ लाख ४१ हजार कमी. एकूण १० लाख. पंधरापैकी दहा लाखांना वाली नाही!

मग काय होते? कार्यालय बंद होत नाही, कारण ते बंद झाले तर आपला अहवालही येणार नाही. ताईंचा पगार मात्र तीन-तीन महिने मागे पडतो. समन्वयक 'मानधन सोडतो', आणि आपण त्याच्या त्यागावर भाषण करतो. किंवा मग हिशेबाला रंगसफेदी होते: ताई एका अहवालात 'क्षेत्र समन्वयक' होतात, दुसऱ्यात 'प्रशिक्षक'. तेव्हा 'एकही रुपया नको' या अटीतून प्रामाणिकपणा येत नाही. खोटे बोलण्याची किंवा उपाशी राहण्याची, यांपैकी एक निवड संस्थेवर लादली जाते. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २००९ मध्ये या प्रकाराला 'उपासमारीचे चक्र' असे नाव दिले: देणगीदाराची अपेक्षा अवास्तव, म्हणून संस्था आकडा कमी दाखवते, आणि तो कमी आकडा पाहून देणगीदाराची अपेक्षा आणखी घट्ट होते. श्रमाच्या मोलावर परिसंवाद घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी हिशेब लिहिणे हे श्रम नाहीत असे ठरवावे, याला काय म्हणायचे?

सीएसआरच्या त्या ५ टक्क्यांबद्दल जाता जाता एक खुलासा. जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांतली ती मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावर करायच्या खर्चाची आहे. एखाद्या प्रकल्पाच्या आखणीवर, अंमलबजावणीवर, देखरेखीवर थेट होणारा खर्च त्यात धरलेला नाही. काम करणाऱ्या संस्थेच्या हातात पडणारा वाटा ५ टक्क्यांवर बांधावा असे तो नियम म्हणत नाही. तरी तो तसा वाचला जातो आणि संस्था दबून गप्प बसतात. पाणलोटाचे ते १ लाख ४१ हजार मागण्याचा संस्थेला पूर्ण हक्क आहे.

आता खरी अडचण, जिच्याबद्दल मसुदा लिहिणाऱ्यांनी विचारच केलेला नाही. आपले पैसे जपानमध्ये नोंदलेल्या संस्थेमार्फत जातात, म्हणून भारतात ते परकीय योगदान ठरतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पाठवलेली देणगी परकीय योगदान धरली जात नाही. ज्यांनी जपानी नागरिकत्व घेतले आहे त्यांची धरली जाते. हा फरक अनेकांना ठाऊक नसतो. परकीय योगदानाला एफसीआरए लागू होतो, आणि २०२० च्या दुरुस्तीने त्यातली प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. वर्षात आलेल्या योगदानाच्या २० टक्के. थेट खर्च २४ लाख असेल तर प्रशासनाला जास्तीत जास्त ६ लाख बसतात. बालवाड्यांचा प्रामाणिक वाटा आहे ६ लाख १८ हजार. म्हणजे उदार व्हायचे ठरवले तरी १८ हजार आपण देऊ शकत नाही. ते देशातल्या देणग्यांतून भागवावे लागतील.

आणि 'प्रशासकीय' म्हणजे काय, हे नियमांनी सढळ हाताने ठरवले आहे. भाडे, वीज, फोन, हिशेब, अहवाललेखन, वाहन चालवण्याचा खर्च, सगळे त्यात येते. शिक्षकांचे, डॉक्टरांचे पगार येत नाहीत. जपानी हिशेबात बालवाडीसाठी धावलेल्या जीपचा वाटा 'जिग्योही', म्हणजे प्रकल्पखर्च ठरतो. तीच जीप, तेच किलोमीटर भारतात प्रशासन ठरतात. त्यामुळे इथल्या आणि तिथल्या अहवालांतली टक्केवारी शेजारी ठेवून "तुमचा ओव्हरहेड इतका का?" असे विचारणे निरर्थक आहे. शिवाय २०२० च्याच दुरुस्तीने एका संस्थेने परकीय योगदान दुसऱ्या संस्थेकडे सोपवणे बंद केले. पूर्वी एखादी मोठी संस्था हिशेब, ऑडिट आपल्याकडे ठेवून लहान गटांना पैसे देऊ शकत होती. आता प्रत्येक लहान गटाला स्वतःची नोंदणी, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत स्वतःचे खाते, स्वतःचे विवरणपत्र. सरकारने ओव्हरहेड वाढवला आणि त्याच वेळी तो भरण्याची मुभा कमी केली. आपले ठळक वाक्य त्या धोरणाला आणखी एक गाठ मारते. सरकारने निदान २० टक्के ठेवले, आपण शून्य म्हणतो!

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. परकीय योगदानाच्या खात्यात देशी पैसा जमा करता येत नाही. मग मार्चमध्ये बसून 'या वर्षीच्या भाड्यातले इतके कोबेचे' असे मागाहून ठरवले तर पैशांची अदलाबदल करावी लागते, आणि तिथेच संस्था अडचणीत येते. स्वच्छ मार्ग हा की वाटे वर्ष सुरू होण्याआधी ठरवावेत, विश्वस्तांच्या बैठकीत लेखी नोंदवावेत, आणि दर महिन्याला घरमालकाला दोन खात्यांतून दोन रकमा द्याव्यात. सहा महिन्यांनी लॉगबुक आणि व्हाउचरांशी ताडून पाहावे. बदल करायचा तर पुढच्या काळासाठी, मागच्यासाठी नव्हे.

"पण मग संस्था वाट्टेल तेवढे लावतील," हा आक्षेप मी ऐकला आहे, आणि तो पोकळ नाही. लबाडी होते. पण शून्याच्या अटीने ती दिसत नाही. ती दिसते एका कागदावर, ज्यात सर्व प्रकल्प आणि सर्व सामायिक खर्च एकत्र मांडलेले असतात. आपण फक्त आपल्या प्रकल्पाचा अहवाल मागतो, म्हणून फसतो. तीन देणगीदारांचे तीन अहवाल शेजारी ठेवले तर कळते की ताईंचा ५० टक्के पगार इथे, ४० टक्के तिथे आणि ३० टक्के तिसरीकडे लावला आहे, बेरीज १२० टक्के. वेळपत्रकात बारा महिने अंदाजपत्रकातलीच ३५ टक्के दिसली, तर ती वेळेची नोंद नव्हे, अंदाजपत्रकाची नक्कल आहे. खऱ्या माणसाचा जून आणि डिसेंबर सारखा नसतो. आणि सगळी सामायिक व्हाउचरे एकाच सुखवस्तू देणगीदाराच्या नावावर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पडली असतील, तर समजावे की वाटप वापरावर नव्हे, कोणाकडे पैसे शिल्लक आहेत त्यावर झाले आहे.

मोजण्यालाही मर्यादा हवी, हे कबूल. टाचण्या आणि चहा कोणाचा किती, हे मोजायला जो वेळ लागतो त्याची किंमत चहापेक्षा जास्त. असे किरकोळ खर्च सरळ कर्मचाऱ्यांच्या संख्येनुसार वाटावेत. भाडे, हिशेब, वाहन आणि वरिष्ठांचा पगार या चार गोष्टी नीट मोजल्या तरी या उदाहरणात सगळे काम झाले.

तेव्हा माझी सूचना अशी. मसुद्यातले ते वाक्य काढून त्याजागी हे घालावे: "बालवाड्यांच्या थेट खर्चाबरोबरच संस्थेच्या सामायिक खर्चातला त्यांचा वाटा, वर्षारंभी ठरलेल्या लेखी सूत्रानुसार आणि कायद्याच्या मर्यादेत, आम्ही देऊ. हेच सूत्र संस्थेने आपल्या सर्व देणगीदारांना लावावे, आणि सर्व प्रकल्पांचे वाटप एकत्र दाखवणारा एक तक्ता आम्हाला दरवर्षी पाठवावा." आपल्याला त्यासाठी वर्षाला ६ लाख रुपये जास्त जमवावे लागतील, किंवा बारांऐवजी साडेनऊ-दहा गावांनी सुरुवात करावी लागेल. दुसरा पर्याय ऐकून वाईट वाटते, मलाही वाटते. पण बारा गावांचा आकडा आज कोणाच्या थकलेल्या पगारावर उभा राहणार आहे, हे आता आपल्याला माहीत आहे. भारतातले आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते. सूत्र त्याआधी ठरायला हवे, म्हणून पत्र मार्चपूर्वी गेले पाहिजे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर विरोध करावा, पण विरोध करताना एवढे सांगावे: ते ६ लाख कोणी भरायचे?